ट्रॅपची उंची: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ट्रॅपच्या मापाचा एवढा बाऊ कशाला? आम्ही पंधरा वर्षं तयार यू-ट्रॅप लावतोय. पाणी तुंबतं ते चोकअपमुळे. पॅनला उतार द्या, लाइन साफ ठेवा, झालं."

एअर हँडलिंग युनिटमध्ये, म्हणजे एएचयूत, थंड कॉइलवर जमलेलं पाणी खालच्या पॅनमध्ये पडतं आणि ड्रेनलाइनवरच्या ट्रॅपमधून, म्हणजे पाणी साठवून हवा अडवणाऱ्या वळणातून, बाहेर जातं. उतार हवाच. पण उतार पाणी भोकापर्यंत आणतो, तिथून खाली उतरवणं त्याच्या हातात नसतं. ज्या एएचयूत हवा आधी फिल्टर, मग कॉइल आणि शेवटी पंखा अशी जाते, तिथे पंखा पॅनच्या भोकातूनही हवा आत ओढत असतो. पंखा आधी आणि कॉइल नंतर असेल, तर ही ओढ नसते आणि तिथे तुमचा ट्रॅप बहुतेक चालून जातो.

चोकअप आहे की ट्रॅपचा दोष, हे ओळखायला पंखा बंद करा. ड्रेनमधून पाणी भसकन बाहेर आलं तर लाइन मोकळी आहे. चोकअप असेल तर पंखा बंद करूनही पाणी हलत नाही.

पुण्यातल्या एका कार्यालयात मी हेच पाहिलं. दर महिन्याला छत गळायचं, मुलं लाइन फुंकून साफ करायची आणि गळती थांबायची. त्याच दिवशी फिल्टरही धुतले जायचे, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पारदर्शक नळीत पाणी भरून कॉइलनंतरचा दाब मोजला. फिल्टर स्वच्छ असताना ओढ ४० मिमी पाण्याची होती, मळल्यावर ६५. ट्रॅपचं बाहेरचं तोंड पॅनच्या भोकापेक्षा ५० मिमी खाली होतं आणि त्या तोंडाखाली पाण्याचं सील २५ मिमी.

आता बघा. चालू पंख्यात ट्रॅपच्या आतल्या बाजूचं पाणी बाहेरच्या तोंडापेक्षा ओढीइतकं वर उभं राहतं. ४० मिमीला ते पॅनच्या खाली राहिलं. ६५ला मात्र पॅनमध्येच १५ मिमी पाणी साचणार. त्याहून वाईट म्हणजे पंखा सुरू होताना बाहेरच्या बाजूचं पाणी ओढीच्या निम्म्याने, म्हणजे साडेबत्तीस मिमी खाली जातं. सील २५चंच, त्यामुळे ते तुटलं. मग ड्रेनमधून हवा वर घुसून पाण्याला अडवत होती आणि थेंब पंख्याच्या भागात उडत होते.

म्हणून मळलेल्या फिल्टरची ओढ धरायची आणि त्यात २५ मिमी मिळवायचे. इथे ९० झाले, बाहेरचं तोंड भोकापेक्षा तेवढं खाली हवं. सील त्याच्या निम्मं, ४५. नळीची जाडी धरून भोकाखाली जवळपास १७५ मिमी जागा लागते, आणि एएचयूचा बेस होता १००चा. एएचयू उचलायची तर डक्ट आणि चिल्ड वॉटरचे पाइप सोडवावे लागले असते. त्याऐवजी लाइन उतारानेच शेजारच्या शाफ्टमध्ये नेली आणि ट्रॅप तिथे खाली बसवला. ट्रॅपपर्यंतचा सांधा न् सांधा मात्र हवाबंद केला, कारण तेवढी लाइनही ओढीखालीच असते.

तुमच्या साइटवर पुढच्या खेपेला फक्त फिल्टर धुवा, ड्रेनला हात लावू नका. गळती थांबली, तर ट्रॅप मोजून बघा.