नमस्काराची थकबाकी वसूल करण्याची पद्धत

प्रसंग असा. सकाळचे सात दहा. हातात ओल्या कचऱ्याची बादली घेऊन तुम्ही पाचव्या मजल्यावरून लिफ्टने खाली निघालात. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि तिथले काका आत आले. तुम्ही प्रसन्न मुद्रेनं म्हणालात, "नमस्कार काका, काय म्हणताय?" काकांनी हनुवटी बोटभर वर उचलली आणि नाकातून उत्तर दिलं, "हं." मग आकड्यांकडे बघत उभे राहिले.

सामान्य माणूस अशा वेळी बादली रिकामी करून घरी येतो आणि चहा पितो. तुम्ही तसं करू नका. इथे रीतसर हिशोब झाला पाहिजे. तुम्ही दिलेली अक्षरं मोजा: नमस्कारची चार, काकाची दोन, पुढच्या प्रश्नाची सहा, एकूण बारा. परत आलं एक, तेही अनुस्वाराच्या टेकूवर उभं. अकरा अक्षरं थकीत. ही रक्कम मनात पक्की नोंदवा, कारण आजचा सगळा दिवस तिच्या व्याजावर काढायचा आहे.

हिशोब करताना एक चूक हमखास होते, ती टाळा. "काय म्हणताय?" हा प्रश्न आहे असं धरूनच चला. मराठीत तो प्रश्न नाही, हे कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 साली अशा बोलण्याला वेगळं नावही देऊन ठेवलं आहे. त्याचं म्हणणं, या शब्दांतून माहिती जात-येत नसते. दोन माणसं समोरासमोर आली की शांतता अवघड वाटते, म्हणून धागा बांधण्यापुरते हे शब्द. "काय, फिरायला का?" हे बूट घालून मैदानात चालणाऱ्या माणसालाच आपण विचारतो. "जेवण झालं का?" विचारणाऱ्याला मेनू नको असतो. अशा प्रश्नाला "हं" हे तांत्रिकदृष्ट्या पुरेपूर उत्तर ठरतं, म्हणजे तुमची थकबाकी शून्यावर येते. तेव्हा मालिनोव्स्कीला लिफ्टमध्ये घेऊ नका.

आता मानेचा अभ्यास करा. आपल्याकडे मान किमान चार प्रकारे हलते. हनुवटी खाली गेली तर त्यात मान देण्याचा अंश असतो; शिक्षक, वयस्कर, नवा माणूस यांच्या वाट्याला ती येते. हनुवटी वर गेली तर ती रोजच्या ओळखीची खूण, कट्ट्यावरच्या दोस्ताला किंवा पानवाल्याला दिलेली. मान बाजूला कलली की "ठीक आहे, चाललंय". आणि नुसत्या भुवया वर गेल्या तर समजा, तोंड कामात आहे. मुंबईच्या सात चोवीसच्या लोकलला ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या दारापाशी वर्षानुवर्षं चढणारी माणसं एकमेकांना हनुवटी वर करण्यापलीकडे काही देत नाहीत. पण एखादा चार दिवस दिसला नाही तर पाचव्या दिवशी चौकशी होते. तिथे मान हलणं म्हणजे तुमचं नाव पटावर असणं. काकांनी हनुवटी वर केली म्हणजे त्यांनी तुम्हाला रोजच्यातला धरलं. हा अर्थ फारच सुखाचा असल्यामुळे तो बाद करावा आणि "नाक वर करून गेले" असं घरी सांगावं. अवयव बदलला की गुन्ह्याचं कलम बदलतं.

पुढची पायरी हेतू शोधण्याची. शोध स्वतःपासून सुरू करा आणि स्वतःपाशीच संपवा. मागच्या महिन्यातल्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून तुम्ही काय बोललात ते आठवा. गणपतीची वर्गणी पाचशेच दिली होती, ते आठवा. काका कालपासून रागावलेत, पाहिलंत ना, तरीच कुंडीतलं पाणी आपल्या गाडीवर पडलं. या साखळीला पुरावा लागत नाही, फक्त चिकाटी लागते.

या कामी एक अडथळा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज सुमारे निम्म्या लोकांचा. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं जेमतेम पाव लोकांच्या. लाज वाटावी असा शर्ट अंगावर असताना ही गत, तर तुमची पाचशेची वर्गणी काकांच्या डोक्यात महिनाभर वस्तीला असेल, हे जरा अवघडच. पण अवघड आहे म्हणून सोडायचं नसतं.

काकांच्या बाजूची कारणं मात्र अजिबात तपासू नका, कारण ती तपासायला सोपी असतात आणि एका नजरेत थकबाकी बुडते. कान बघितलात तर त्यात इअरफोन दिसेल, कुणीतरी पलीकडून बोलत असेल. तोंड बघितलात तर गालफडात तंबाखू दिसेल. बार भरलेला माणूस हनुवटी वरच करतो, कारण खाली केली तर ओघळ येतो, आणि त्याचा आवाज नाकातूनच निघतो, कारण दुसरी वाट बंद असते. ओठ नुसते हलत असतील तर जप चालू असेल किंवा प्राणायामाचे आकडे. वय सत्तरीपुढचं असेल तर ऐकण्याचा प्रश्न येतो. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर पोचतात, पण "स", "क"सारखी व्यंजनं गळतात. लिफ्टच्या पंख्याच्या घरघरीत तुमच्या वाक्यातलं "अ-आ-आ" एवढंच त्यांना मिळालेलं असू शकतं. "काय?" असं तिसऱ्यांदा विचारण्यापेक्षा मान हलवणं बरं, हे अशा माणसाला अनुभवानं कळलेलं असतं. जोरात पुन्हा नमस्कार केलात तर त्यांना ऐकू येईल, हे खरं; पण लिफ्टमधल्या बाकी लोकांना वाटेल की तुम्ही वसुलीला आला आहात. ते खरंच असल्यानं तसं करू नये.

घाई हे कारण तर सगळ्यात धोकादायक. 1973 साली डार्ली आणि बॅटसन या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषयच होता वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला ठेवला होता. ज्यांना उशीर झालेला नव्हता त्यांच्यातल्या शंभरांत त्रेसष्टांनी मदत केली. ज्यांना "लवकर जा, उशीर झालाय" सांगितलं होतं त्यांच्यातल्या दहांनी. भाषणाच्या विषयानं फारसा फरक पडला नाही. कण्हणाऱ्या माणसाचं हे, तर सात सव्वीसची बस गाठायला निघालेल्या काकांकडून अकरा अक्षरं कशी निघणार? हा मजकूर वाचून झाला की विसरा.

आता लिफ्टचंच बघा. जुन्या इमारतींतली लिफ्ट सेकंदाला पाऊण ते एक मीटर उतरते. मजला तीन मीटरचा धरला तर तिसऱ्यापासून तळापर्यंत नऊ मीटर, म्हणजे नऊ ते बारा सेकंद. एवढ्या वेळात संभाषण सुरू केलं तर ते मध्येच तोडावं लागतं, आणि तोडणं हे "हं"पेक्षा मनाला जास्त लागतं. अनुभवी माणसं म्हणून लिफ्टमध्ये छोटंच देतात आणि छोटंच घेतात. तुम्ही बारा अक्षरांची नोट काढलीत, समोरच्याकडे सुट्टे नव्हते.

वसुलीची खरी अडचण दिवसाच्या दुसऱ्या भेटीत येते. त्याच दिवशी संध्याकाळी गेटपाशी काका पुन्हा दिसले, तर पुन्हा पूर्ण नमस्कार ठोका. जगभर माणसं दुसऱ्या भेटीत अर्धं आणि तिसऱ्या भेटीत नुसते डोळे देतात. सकाळचा नमस्कार दिवसभर चालतो असं ती मानतात. तुम्ही तिन्ही वेळा सव्याज द्या. चौथ्या दिवशी काका तुम्हाला बघून जिन्यानं उतरू लागतील, आणि तुमचा संशय पुराव्यानिशी सिद्ध होईल.

एखाद्यानं हे सगळं सोडून द्यायचं ठरवलंच, तर त्याची पद्धतही सांगून ठेवतो. निदान टाळता तरी येईल. तो तुलना स्वतःच्या नमस्काराशी करत नाही, काकांच्या नेहमीच्या वागण्याशी करतो. काका सगळ्यांनाच "हं" देतात का? वॉचमनलाही, चेअरमनलाही? मग ते त्यांचं चलन आहे, विषय संपला. पूर्वी थांबून पाच मिनिटं बोलणारे काका दोन-तीन आठवडे सलग नुसती मान हलवत असतील, तर मात्र काहीतरी बदललंय. बहुधा त्यांच्या घरात, तुमच्यात नव्हे. तेव्हा तो लिफ्टमध्ये नाही, खाली बाकावर, एकटे असताना एकदाच विचारतो, "काका, सगळं बरं आहे ना?" आणि उत्तराला जागा ठेवून गप्प बसतो. एरवी तो उद्याचा नमस्कार काकांच्या मापाचा करतो: हनुवटी वर, पाय चालते. फार तर ज्याला खरोखर उत्तर असतं असं काहीतरी विचारतो. "वरच्या टाकीला पाणी आलं का?" या प्रश्नावर मराठी सोसायटीत आजवर कुणी "हं"वर थांबलेलं नाही.

आता फक्त एक राहिलं. दोन दिवसांचा ओला कचरा, आंब्याच्या साली आणि कोळंबीची टरफलं, झाकण नसलेली बादली, चार माणसांची बंद लिफ्ट, नऊ ते बारा सेकंद. बारा अक्षरं बोलायची तर आधी श्वास आत घ्यावा लागतो. "हं" तोंड मिटून, आधीच्याच श्वासावर भागतं.

उद्या बादलीला झाकण लावून बघा. थकबाकी बुडेल, एवढा एकच धोका.