जास्त नक्षी म्हणजे जास्त पकड? एका टायरवाल्याचं उत्तर

"पावसाळ्याआधी टायर बदलताय? हे वाचाच! १) पकड नक्षीची असते. नक्षी जितकी दाट, तितकी पकड जास्त. २) बारीक चिरा पाणी ओढून घेतात, म्हणून भरपूर चिरांचा टायर पाण्यात घसरतच नाही. ३) आवाज करतात त्या आडव्या खाचा. फक्त सरळ खाचांचा टायर घ्या, आवाज शून्य. ४) नक्षी झिजली तर नवा टायर कशाला? खाचा कापून घ्या. सर्वांना पाठवा."

कराडच्या अलीकडे हायवेला माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. या जूनमध्ये चार गिऱ्हाइकांनी हा मेसेज काउंटरवर माझ्यापुढे धरला, पाचवा माझ्या मेहुण्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्यातलं काही निखालस चूक आहे, काही अर्धं बरोबर, आणि अर्धं बरोबर असतं तेच जास्त त्रास देतं.

पहिला मुद्दा. कोरड्या डांबरावर पकड रबराची असते. खाच म्हणजे जिथून रबर काढून टाकलंय ती जागा, आणि नसलेलं रबर रस्ता धरणार कसं? फॉर्म्युला वन पाहणाऱ्यांना आठवत असेल, १९९८ ते २००८ या काळात त्या गाड्यांच्या टायरना सरळ खाचा सक्तीच्या होत्या. त्या पकड वाढवायला नव्हत्या. वळणांवरचा वेग फार वाढला होता, तो कमी करण्यासाठी पकड मुद्दाम घटवली होती. २००९ मध्ये गुळगुळीत टायर परत आले. आता हे वाचून कोणी गोटा झालेले टायर घेऊन खंबाटकी उतरायला जाऊ नका. शर्यतीतसुद्धा पाऊस आला की सगळे खाचांचे टायर चढवतात.

नक्षी स्वतः पकडते ती जागा वेगळी: चिखल, भुसभुशीत माती, शेत. तिथे आडव्या खाचांमधले ठोकळे जमिनीत रुततात आणि मागे रेटतात. ट्रॅक्टरचा टायर तसा का असतो ते यावरून कळेल. ट्रकवाले 'पुढे रिब, मागे लग' म्हणतात तेही यामुळेच. पुढच्या चाकाला सरळ पट्ट्या, म्हणजे गाडी सरळ चालते. मागच्याला ठोकळे, म्हणजे खडी-मातीतून रेटा मिळतो.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण सगळा घोटाळा इथे आहे. खाच आणि चीर एकच समजली जाते.

छोट्या हॅचबॅकचा टायर घ्या. रस्त्याला टेकतो तो भाग साधारण १३ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर लांब, म्हणजे पंजापेक्षा फार मोठा नाही. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ८० ने चालली आहे. हिशेब केला तर या एका चाकाला दर सेकंदाला साडेआठ लिटरच्या वर पाणी बाजूला सारायचं आहे. दोन सेकंदांत आंघोळीची एक बादली. आणि रबराचा कुठलाही एक ठिपका रस्त्याला टेकून परत सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम एकशेसाठावा भाग जातो.

एवढ्या वेळात त्या पंजाखाली तीन गोष्टी एकामागोमाग घडतात. पुढच्या कडेला पाण्याची भिंतच असते. तिथलं पाणी काही पुढे आणि बाजूला उडतं, बाकीचं चाकाभोवती फिरणाऱ्या सरळ खाचांत शिरून मागे निघून जातं. खांद्याजवळच्या आडव्या खाचा त्यातलं काही बाहेर काढून देतात. मधल्या भागात ढीगभर पाणी गेलेलं असतं, पण एक पातळ थर चिकटून राहतो. हात ओल्या काचेवर ठेवला की सरकतो, तसा हा थर रबराला सरकवतो. तो फुटला तरच शेवटच्या भागात रबर खरोखर डांबराला लागतं. ब्रेक, वळण, सगळं त्या शेवटच्या भागाच्या जिवावर.

चिरांचं काम त्या मधल्या भागात आहे. चीर साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तिची कड फरशी पुसायच्या वायपरसारखी पातळ थर खरवडते आणि थोडंसं पाणी फटीत सामावून घेते. 'ओढून घेतात' हे तेवढ्यापुरतं खरं. पण बादलीभर पाणी त्या फटीतून जात नाही. पुढची पाण्याची भिंत सरळ खाचांना पेलली नाही तर चाक वर उचललं जातं, आणि मग चिरा शंभर असोत की हजार, त्यांना रस्ता भेटतच नाही. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनचे फेरे उगाच चढतात, तो हाच क्षण. तेव्हा ब्रेकवर उभं राहू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा.

चिरांची किंमतही मोजावी लागते. ठोकळ्याला चिरा पाडल्या की तो पानांच्या गड्डीसारखा होतो. दाबला की पानं एकमेकांवर सरकतात, वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते, रबर तापतं आणि लवकर झिजतं. म्हणून चांगल्या टायरमध्ये चीर आत नागमोडी असते, दाब आला की तिच्या दोन भिंती एकमेकींत अडकतात. चिरांचं खरं राज्य बर्फावर, कारण तिथे प्रत्येक कड बर्फाला बोचते. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. मॉन्ट्रियलला कोणाची मुलगी असेल तर तिला तिथल्या टायरचा फोटो पाठवायला सांगा, ठोकळा दिसेनासा व्हावा इतक्या चिरा असतात. तसाच टायर मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर चालवला तर तो लोण्यासारखा जाईल.

या चिरांना इंग्रजीत साइप म्हणतात ते जॉन साइप नावाच्या अमेरिकन माणसावरून. त्याला १९२३ मध्ये पेटंट मिळालं. कोणी म्हणतं तो कत्तलखान्यात कामाला होता, कोणी म्हणतं जहाजाच्या डेकवर. दोन्ही गोष्टींत तो ओल्या जमिनीवर घसरून वैतागलेला आहे आणि बुटाच्या तळव्याला चिरा पाडतोय.

तिसरा मुद्दा, आवाज. सरळ खाच मुकी असते असं कुणी सांगितलं? टायर टेकला की खाचेचं तोंड खालून रस्ता बंद करतो आणि १४ सेंटिमीटरची, दोन्ही टोकांना उघडी नळी तयार होते. बासरीचंच तत्त्व. एवढ्या नळीचा स्वर हजार-बाराशे हर्ट्झच्या आसपास पडतो. गंमत म्हणजे वेग वाढला तर हा आवाज मोठा होतो, पण त्याची पट्टी बदलत नाही, कारण नळीची लांबी साधारण तेवढीच राहते.

आडव्या खाचांचा आवाज वेगळा. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि खाचेतली हवा दाबून बाहेर फेकतो. चाकाभोवती अशी ६४ ठोकळ्यांची रांग असेल तर ८० च्या वेगाला सेकंदाला सुमारे साडेसातशे आपट्या, ४० ला त्याच्या निम्म्या. म्हणजे वेगाबरोबर हा स्वर वर चढतो. ऑफ-रोड टायर लावलेली जीप लांबून सायरनसारखी ऐकू येते ती यामुळे. साध्या कारच्या टायरमध्ये यावर एक युक्ती असते. पट्टी घेऊन एकाच रांगेतले लागोपाठचे ठोकळे मोजा: एक आखूड, दोन लांब, मग मधला. सगळे सारखे असते तर सगळ्या आपट्या एका सुरात जमल्या असत्या. लांबी मागेपुढे केली की तो सूर विखरून नुसती घरघर उरते. चिराही इथे मदत करतात, कारण मऊ झालेला ठोकळा हळू आपटतो. आणि आडव्या खाचा काढूनच टाकल्या तर खांद्याखालचं पाणी जाणार कुठून?

गेल्या वर्षी उंब्रजहून एक काका आले. मागून घूंऽऽ असा आवाज, एका गॅरेजात मागचे दोन्ही बेअरिंग बदलून झालेले, आवाज तसाच. मी मागच्या टायरवर तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं बोचलं. २२ हजार किलोमीटर टायर एकदाही पुढचे-मागे केलेले नव्हते, आणि मागच्या चाकांना ओढायचं काम नसतं, त्यामुळे खांद्यावरच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजून उतरती झाली होती. दोष आडव्या खाचेचा नव्हता, तिच्या कडेच्या झिजेचा होता. टायर पुढे-मागे केले, काकांना फेरी मारायला लावलं. आवाज पुढून यायला लागला. बेअरिंगचा असता तर तो जागेवरच राहिला असता, आणि वळणावर कमी-जास्तही झाला असता.

चौथ्या मुद्द्याला माझ्याकडून थेट नाही. ट्रकच्या काही टायरच्या बाजूला REGROOVABLE असं छापलेलं असतं. त्यांच्या नक्षीखाली कापण्यासाठीच जादा रबर ठेवलेलं असतं, तिथे ते काम रीतसर होतं. कारच्या टायरला खाचेच्या तळाखाली जेमतेम थोडं रबर आणि मग तारेचे पट्टे. कापणारा हात जरा खोल गेला की तार उघडी, पाणी आत, गंज, आणि एक दिवस हायवेला वरचा अख्खा पट्टा सोलून निघतो.

झिजण्याचा हिशेबही करून पाहा. वरच्याच टायरला १० मिलिमीटर रुंदीच्या तीन सरळ खाचा धरू. नवीन असताना खोली ८ मिलिमीटर, म्हणजे आडव्या छेदात २४० चौरस मिलिमीटर जागा. समोरून येणारं पाणी ३९० चौरस मिलिमीटरचं. उरलेलं उडून आणि आडव्या खाचांतून जातं. खोली ३ वर आली की जागा ९० राहते. कायद्याच्या १.६ ला फक्त ४८. शिवाय बऱ्याच टायरमध्ये चिरा खाचेच्या तळापर्यंत जात नाहीत, त्या आधीच पुसल्या जातात. म्हणजे खाचेत अजून नक्षी 'दिसते' तेव्हा मधल्या भागाचा वायपर गेलेला असतो.

१.६ ची खूण म्हणजे सरळ खाचेच्या तळाशी असलेली छोटी आडवी उंचवट्याची पट्टी. तिची वाट पाहू नका. खोली तीन ठिकाणी मोजा, आतला खांदा, मध्य, बाहेरचा खांदा, कारण आतला खांदा उभं राहून दिसत नाही आणि बिघडलेल्या अलाइनमेंटमध्ये अनेकदा तोच आधी जातो. मे महिन्यात कुठेही ३ किंवा कमी भरलं, तर पावसाआधी टायर बदला. मेहुण्यांच्या गाडीचं माप मी काढलं. मध्ये ४, आतल्या खांद्याला २. ग्रुपवर त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, टायर मात्र परवा बदलून नेले.