बनावट कविता, खरा शब्द

"इस्लामपूर्व अरबी कविता सगळी नंतर रचलेली आहे. ताहा हुसेन यांनी ते 1926 मध्येच सिद्ध केलं. म्हणून कुराणातल्या दुर्मिळ शब्दांचा अर्थ लावायला तिचा काडीचाही उपयोग नाही."

असा एक दावा केला जातो. पण 'सगळी' असं इजिप्तचे विद्वान ताहा हुसेन म्हणालेच नव्हते. जाहिली, म्हणजे इस्लामपूर्व काळातलं, म्हणून जे साहित्य मिरवतं त्यातलं बहुतांश इस्लामनंतरचं आहे आणि अस्सल उरतं ते फार थोडं, असं त्यांचं म्हणणं होतं. हेही टोकाचंच आहे, पण टोकाचं विधान आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक आहे. आणि बनावटीचा शोध काही विसाव्या शतकात लागलेला नाही. नवव्या शतकात काव्यसमीक्षक इब्न सल्लाम अल्-जुमही यांनी, हम्माद हा रावी, म्हणजे कविता पाठ करून पुढे पोचवणारा, एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर घालतो, पदरचीही भर टाकतो, असं स्पष्ट लिहून ठेवलंय.

खरा प्रश्न तिसऱ्या वाक्यात आहे, आणि तो एका उदाहरणावरच तपासायला हवा. कुराणाच्या 16:47 मध्ये 'तखव्वुफ' हा शब्द येतो. 'खौफ' म्हणजे भीती, त्यामुळे 'भीतीत असताना पकडणं' हा अर्थ चटकन सुचतो. पण अशी कथा सांगतात, की खलिफा उमर यांनी या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा हुजैल टोळीतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, आमच्याकडे याचा अर्थ हळूहळू झिजवणं. पुरावा म्हणून त्याने एक ओळ म्हटली: कानस जशी धनुष्याचं लाकूड झिजवते, तसं खोगिराने सांडणीचं उंच वशिंड झिजवलं.

ही ओळ कोणाची? काही तफसीरांत, म्हणजे कुराणावरच्या भाष्यांत, हुजैली कवी अबू कबीरची, काही कोशांत इब्न मुक्बिलची, तर काहींत जुर्रुम्माची. जुर्रुम्मा वारला 735 च्या सुमारास आणि उमर 644 मध्ये. ओळ त्याची असेल, तर तो म्हातारा ती म्हणूच शकत नाही. 'खोगिरा'च्या जागी 'प्रवास' असाही पाठ सापडतो. तेव्हा उमर यांच्या सभेचा पुरावा म्हणून ही कथा मी मुळीच वापरणार नाही.

अर्थ मात्र कथेबरोबर पडत नाही. जुर्रुम्मा वाळवंटातला कवी, त्याची भाषा व्याकरणकारांनी प्रमाण मानलेली. ओळ त्याची धरली तरी त्या अरबीत हा शब्द 'झिजवणं' या अर्थाने चालत होता, एवढं कळतं. शिवाय ओळीत सांडणी आहे, कानस आहे, धर्माचा विषयच नाही. आयतीला आधार द्यायला ती मुद्दाम रचली असावी, असं मला वाटत नाही.

संशय घ्यायचा तो अशा ओळींवर, ज्या फक्त तफसीरातच भेटतात, ज्यांच्या मागेपुढे कविता नाही आणि ज्यांचे शब्द आयतीशी अगदी जुळवून घेतल्यासारखे आहेत. कुराणाचे सुरुवातीचे भाष्यकार इब्न अब्बास यांना नाफी इब्न अल्-अझरकने कुराणातल्या शब्दांबद्दल विचारलेले म्हणून जे प्रश्न सांगतात, आणि ज्यांच्या उत्तरांत पुरावा म्हणून कवितेच्या ओळी येतात, त्यांची यादी जुन्या ग्रंथांत लहान आहे आणि पंधराव्या शतकातल्या सुयूतींपर्यंत येता येता खूप लांबते. तिथे प्रत्येक ओळ वेगळी पारखावी लागते. आणि पारखून उरलेली ओळही, शब्दाला असा अर्थ होता, इतकंच सांगते. 16:47 मध्ये तोच अर्थ अभिप्रेत आहे का, हे आयतीच्या संदर्भावरूनच ठरवायला हवं, आणि तिथे 'झिजवणं' आणि 'भीती' दोन्ही बसतात.