सव्वा टक्क्याचं सुख

उद्योजक मित्रहो, सव्वा हा शुभ आकडा आहे. नैवेद्याला सव्वा रुपया, नवसाला सव्वा किलो पेढे. त्यामुळे गिऱ्हाइकाकडून यायच्या बिलावर आधीच पैसे देणारा बिल डिस्काउंटिंगवाला गुळगुळीत बुटांनी तुमच्या भोसरीतल्या शेडमधली लोखंडी चिप्स तुडवत आत आला आणि म्हणाला, "सर, महिन्याला फक्त सव्वा टक्का," तर लगेच हात जोडा. कॅल्क्युलेटर काढू नका. दक्षिणेचा कुणी हिशेब करतं का?

फारच खाज सुटली तर सव्वाला बारानं गुणा, पंधरा आले की थांबा. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येणं तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलायची सोय, अकरा टक्क्यांची आहे, हा पंधराचा. चार टक्के जास्त जातील, पण कागदपत्रांची कटकट नाही, शाखेत मॅनेजरपुढे ताटकळणं नाही. एवढ्यावर समाधान मानणारा माणूस रात्री शांत झोपतो. मी कित्येक महिने असाच झोपलो.

झोप टिकवायची असेल तर पुढचा परिच्छेद वाचू नका.

दहा लाखांचं बिल आहे, गिऱ्हाईक साठ दिवसांनी पैसे देणार. कंपनी बिलाच्या ८० टक्के उचल देते, म्हणजे आठ लाख. सव्वा टक्का मात्र आठ लाखांवर लागत नाही, दहा लाखांवर लागतो. करारात ते 'ऑन इनव्हॉइस व्हॅल्यू' अशा तीन शब्दांत असतं आणि ते शब्द सहीच्या जागेपासून बऱ्याच अंतरावर असतात. दोन महिन्यांचे झाले पंचवीस हजार. हे शेवटी द्यायचे नसतात, आधीच कापले जातात. शिवाय बिलावर अर्धा टक्का प्रोसेसिंग फी, पाच हजार. (फीवरचा जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, म्हणून तो सोडून देऊ. एवढा मोठेपणा आपल्यात आहे.) खात्यात जमा झाले सात लाख सत्तर हजार, आणि त्यांच्या साठ दिवसांच्या वापराचे गेले तीस हजार.

आता तीस हजाराला सात लाख सत्तर हजारांनी भागा, ३६५ नं गुणा, साठनं भागा. उत्तर येतं २३.७ टक्के. दर साठ दिवसांनी हेच चक्र फिरवत राहिलात आणि चक्रवाढ धरलीत, तर सव्वीसच्या वर. दर कुणी खोटा सांगितला नव्हता. तो कशावर लावायचा आणि पैसे कधी कापायचे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. उरलेले दोन लाख गिऱ्हाइकाचे पैसे आल्यावर तुम्हाला परत मिळतात. पण गिऱ्हाइकानं मधेच रिजेक्शनची डेबिट नोट पाठवली असेल, तर ती या दोन लाखांतून वजा होते. तोवर ते दोन लाख दिसतात, पण हाताला लागत नाहीत. शेजारच्या शेडमधल्या उधारीसारखे.

हे सगळं मुद्दाम विसरा आणि कॅश क्रेडिटवाल्यांकडे वळा. त्यांचाही भाबडेपणा जपण्यासारखा आहे. "आमचं बाबा अकरा टक्के," ते अभिमानानं सांगतात. तुम्हीही सांगा. फक्त फीच्या पावत्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कपाटावर, फार वर.

माझी लिमिट पन्नास लाखांची आहे. दरवर्षी नूतनीकरणाची फी अर्धा टक्का, पंचवीस हजार. गहाण गाळ्याचं मूल्यांकन आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट मिळून बारा हजार. दर तिमाहीला स्टॉक बघायला जो माणूस येतो, त्याचे तीन हजार, म्हणजे वर्षाचे बारा. हा गृहस्थ रॉ मटेरियलच्या रॅकसमोर उभा राहून मोबाइलवर चार फोटो काढतो, चहा घेतो आणि जातो. विमा अकरा हजार. एकूण साठ हजार, आणि हे साठ हजार पैसे उचलले काय नि न उचलले काय, जाणारच. वर्षभर सरासरी चाळीस लाख वापरलेत तर व्याज चार लाख चाळीस हजार, त्यात साठ मिळवले की पाच लाख, म्हणजे साडेबारा टक्के. वापर मात्र सरासरी पाच लाखांचाच असेल, तर व्याजाचे पंचावन्न आणि फीचे साठ मिळून एक लाख पंधरा हजार होतात. तेवीस टक्के! अकराचे तेवीस झाले आणि बँकेनं दर पाव टक्क्यानंही वाढवला नाही.

म्हणून लिमिट घेताना गरजेच्या चौपट घ्या. 'असू दे, प्रसंगाला बरी' असं म्हणत घ्या. चहाच्या टपरीवर "आपली पन्नासची सीसी आहे" हे वाक्य टाकता येतं, त्याचेच साठ हजार समजा. काही बँका न वापरलेल्या रकमेवर कमिटमेंट चार्जही लावतात. तो लावत असतील तर टपरीवरचं ते वाक्य मोठ्यानं म्हणा, वसूल तरी होईल.

तर मग दोन्हींतलं स्वस्त काय? हे विचारणं म्हणजे चारचौघांत पगार विचारण्यासारखं आहे, तरी सांगतो. वर्षातून अशी दहा लाखांची तीनच बिलं वटवायची असतील, तर डिस्काउंटिंगचे नव्वद हजार जातात. तेवढीच रक्कम तेवढेच दिवस कॅश क्रेडिटमधून उचलली, तर व्याज बेचाळीस हजारांच्या आसपास, पण फीचे साठ धरून एक लाख दोन हजार. इथे तो गुळगुळीत बुटांचा मुलगा जिंकतो. चौथ्या बिलाला पारडं फिरतं: त्याचे एक लाख वीस हजार, बँकेचे एक लाख सोळा हजारांच्या आत. वर्षभर एकामागोमाग सहा बिलं वटवलीत, तर त्याचे एक लाख ऐंशी, बँकेचे एक लाख चव्वेचाळीस. हे आकडे माझ्या फीचे आहेत. तुमची कपाटावरची फाइल खाली काढलीत तर तुमचं पारडं दुसऱ्या किंवा सहाव्या बिलाला फिरेल. पण खाली कशाला काढता, धूळ उडते.

खरा आनंद मात्र दोन्ही एकदम वापरण्यात आहे. हा प्रयोग मी स्वतः केला, त्यामुळे अधिकारवाणीनं शिफारस करतो.

आमची कॅश क्रेडिट ड्रॉइंग पॉवरच्या, म्हणजे स्टॉक आणि येणं बघून बँक जेवढं उचलू देते त्याच्या, काठापर्यंत भरलेली होती. दिवाळी तोंडावर, बोनस द्यायचा. मी एक दहा लाखांचं बिल वटवलं, सात लाख सत्तर हजार खात्यात आले, कामगारांना पेढेसुद्धा वाटले. दहा तारखेला आमच्या अकाउंटंट मॅडम बँकेचं स्टॉक स्टेटमेंट भरायला बसल्या आणि थांबल्या.

"सर, हे बिल येणं बाकीमध्ये दाखवायचं का?"

"दाखवा की. गिऱ्हाइकानं अजून कुठे पैसे दिलेत?"

"पण ते आपण विकलंय ना."

मॅडमचं बरोबर होतं, ही त्यांची जुनी वाईट सवय आहे. वटवलेलं बिल बँकेला दाखवणं म्हणजे एकच म्हैस दोघांकडे गहाण ठेवणं. येणं आधीच बँकेकडे तारण असतं, म्हणून डिस्काउंटिंग कंपनी नियमानं बँकेची एनओसी मागते. आमच्या कंपनीनं मागितली नव्हती, म्हणूनच ती मला इतकी आवडली होती. मॅडमनी बिल यादीतून काढलं. आमची बँक येण्यांवर चाळीस टक्के मार्जिन धरते, म्हणजे साठ टक्केच मोजते, त्यामुळे दहा लाखांचं येणं गेल्यावर ड्रॉइंग पॉवर सहा लाखांनी खाली आली. खातं काठोकाठ भरलेलं, तेव्हा सहा लाख भरणं आलं. म्हणजे सात लाख सत्तर हजारांतले सहा लाख बँकेत गेले आणि हातात नवीन आले फक्त एक लाख सत्तर हजार.

मॅडमनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गणित मांडलं. सहा लाखांवरचं बँकेचं साठ दिवसांचं व्याज वाचलं, १०,८४९ रुपये. ते तीस हजारांतून वजा केले तर उरतात १९,१५१. हा खर्च एक लाख सत्तर हजार साठ दिवस वापरण्याचा. वर्षाचा दर साडेअडुसष्ट टक्के. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि काही न बोलता पुढच्या कॉलमकडे वळल्या. मार्जिन पंचवीस टक्के असतं, तर हातात नवे वीसच हजार राहिले असते. त्याचा दर काढायला पेन्सिल पुरली नसती.

त्याआधी मॅडमनी एक अप्रिय प्रश्न विचारला होता, तो तुम्हाला कुणी विचारू नये म्हणून सावध करून ठेवतो. "आपलं हे गिऱ्हाईक ट्रेड्सवर आहे का?" ट्रेड्स म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालणारे मंच. तिथे गिऱ्हाईक तुमचं बिल मान्य करतं, मग बँका त्यावर बोली लावतात. दर गिऱ्हाइकाची पत बघून ठरतो, तुमची नाही. गिऱ्हाइकानं पैसे थकवले तर बँक तुमच्या मागे लागत नाही. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणं सरकारनं बंधनकारक केलं होतं. अर्थात नोंदणी केली म्हणून ते तुमचं बिल तिथे मान्य करतीलच असं नाही, त्यासाठी खरेदी खात्यात जाऊन विचारावं लागतं. आणि असं विचारणं किती वाईट दिसतं! त्यांना वाटायचं, याला पैशांची गरज आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, तोही आपण असाच संकोचानं झाकून ठेवतो आणि पर्चेस ऑर्डरवरचे '६० दिवस' निमूट वाचतो.

गिऱ्हाइकाचे ते साठ दिवसही पुढे पंचाहत्तर झाले. आमचा करार रिकोर्सचा होता, म्हणजे उशीर त्याचा आणि दंड माझा. त्या पंधरा दिवसांना महिना दोन टक्के दर होता, अर्थातच दहा लाखांवर. आणखी दहा हजार.

तरी माणसं जोडून ठेवावीत. परवा त्या मुलाचा पुन्हा फोन आला.

"सर, तुम्ही आमचे जुने कस्टमर. दसरा ऑफर आहे, तुमच्यासाठी सव्वाचा एक टक्का करून आणलाय."

"अरे वा! आणि प्रोसेसिंग फी?"

"ती थोडी रिव्हाइज झालीये सर. अर्ध्याची एक टक्का."

मी मॅडमकडे बघितलं. दोन महिन्यांचे वीस हजार, फी दहा हजार. त्यांनी पेन्सिल उचललीसुद्धा नाही.