भंगारवाल्याचे दोनशे आणि मंडळाची पावती

"14 व 15 मार्च, सकाळी 9 ते 1, मारुती मंदिरासमोर. टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईल, चार्जर, मिक्सर, वायरी घेतल्या जातील. ट्यूबलाइट वेगळी, न फोडता आणावी. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या व सेल आणू नयेत. वस्तू उघडलेली नसावी. हे भंगारात गेलं तर विष आपल्याच मातीत राहतं."

लातूरच्या आमच्या कॉलनीच्या मंडळाचं हे आवाहन दादानं मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "भंगारवाला त्या जुन्या डब्बा टीव्हीचे दोनशे देतो. मंडळ तर काहीच देईना. फुकट कशाला द्यायचं? तुमच्या जर्मनीत कसं असतंय?"

दादा, आधी ते दोनशे कशाचे हे बघ. भंगारवाला तुझा टीव्ही विकत घेत नाही, त्यातलं तांबं घेतो. पिक्चर ट्यूबच्या मानेवर गुंडाळलेली कॉइल, आतल्या ट्रान्सफॉर्मरची तार, बोर्डावरचं थोडंफार. कॉइल काढताना मान हमखास मोडते. उरलेली जड काच कुणी घेत नाही, ती नाल्याकाठी पडते. शिसं मुख्यतः मागच्या निमुळत्या काचेत असतं, एका मोठ्या ट्यूबमध्ये किलो-दोन किलो. वायरीचं प्लास्टिक जाळून तांबं मोकळं केलं की तो धूर आधी जाळणाऱ्याच्या आणि मग शेजारच्या वस्तीच्या नाकात जातो. भंगारवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला काचेचे पैसे देणारा कुणी नाही, म्हणून तो काच टाकतो.

म्हणूनच 'उघडलेली नसावी' ही आवाहनातली सगळ्यात शहाणी ओळ आहे. कॉलनीतले टीव्ही मेकॅनिक मामा, ज्यांनी हयात ट्यूबा बदलण्यात घालवली, ते आईला म्हणाले, "वहिनी, लोक आधी तांबं काढून घेतात आणि रिकामं खोकं आणून देतात. रिसायकलरनं ते घ्यावं तरी कशाला?" खरं आहे. काच सांभाळायचा खर्च तांब्यातूनच निघतो.

शेजारच्या काकूंनी मात्र फोनवर विचारलं, "त्या दिवशी मिक्सरचं भांडं बदलून मिळतं का रे?" मिळत नाही, काकू.

आता जर्मनीचं. 1 जुलै 2022 पासून इथल्या मोठ्या किराणा दुकानांनाही, ती विजेच्या वस्तू विकत असतील तर, 25 सेंटिमीटरपर्यंतची जुनी उपकरणं काही विकत न घेताही परत घ्यावी लागतात. मी दुधाच्या पिशवीबरोबर ट्रिमर देऊन आलो. तुला वाटेल, झालं की मग. पण जुनी उपकरणं गोळा करण्याचं युरोपनं ठरवलेलं उद्दिष्ट विकलेल्या मालाच्या वजनाच्या 65 टक्क्यांचं आणि जर्मनी त्याच्या बरीच खाली आहे. इथंही जुने फोन ड्रॉवरमध्येच झोपलेले असतात. फरक एवढाच की इथं ती जबाबदारी दुकानदाराच्या गळ्यात आहे, तिकडं मंडळातल्या चार माणसांच्या रविवारावर.

तू म्हणालास, "सरकारनं कायदा केलाय, कंपन्यांनीच न्यायला पाहिजे." निम्मं बरोबर आहे. 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, उत्पादक कंपनीवर ही जबाबदारी आहे. पण कंपनी तुझ्या दारात येईलच असं नाही. ती नोंदणी असलेल्या रिसायकलरकडून, इतका माल रिसायकल केला अशी प्रमाणपत्रं विकत घेऊन आपला हिशोब पुरा करू शकते. म्हणजे तुमच्या गोळा केलेल्या किलोंना कुठंतरी किंमत आहेच. म्हणून मंडळानं, गोळा झालेला माल न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: हा माल कुठल्या रिसायकलरकडं जाणार आणि तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का. वजनाची पावतीही घ्यावी. गाडीवाला 'आम्हीच सगळं करतो' म्हणून उत्तर टाळू लागला, तर माल त्याच नाल्याकाठी जाण्याची भीती आहे.

एका बाबतीत आवाहन कच्चं वाटतं. सेल आणू नका म्हटलं, मग मोबाईलमधल्या बॅटरीचं काय? लोक पेचकसानं उपसून काढतील आणि तिथंच आग लागेल. बॅटरी आत बसवलेली असेल तर फोन तसाच द्यावा. ज्याची पाठ फुगली आहे तो पोत्यात टाकू नये, चार्जही करू नये. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात तो वेगळा ठेवावा आणि गाडीवाल्याला तसं सांगून द्यावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीला वेगळे नियम आहेत. नवी घेताना ती दुकानदार परत घेतो, हे तिकडं सगळ्यांना ठाऊक आहेच.

दादाचं उत्तर आलं: "पावती कुणाच्या नावानं फाडायची, माझ्या का मंडळाच्या?" मला काही सांगता आलं नाही. टीव्ही अजून माळ्यावरच आहे.