धूर शहरात, घट शेतात

«धूर शहरात होतो, मग वीस-तीस किलोमीटरवरच्या गव्हाला त्याचा काय त्रास?»

गव्हाला त्रास देतो तो ओझोन वायू, आणि तो धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात, तेव्हा तो तयार होतो. भर रस्त्यावर ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शेतांवर तो अनेकदा शहरापेक्षा जास्त भरतो.

पानाच्या रंध्रांतून तो आत शिरतो. ओंबीच्या लगत खालचे ध्वजपान वेळेआधी पिवळे पडते, दाणा भरण्याचे दिवस कमी होतात आणि दाणे हलके राहतात. गंमत म्हणजे पाणी दिलेल्या पिकाची रंध्रे जास्त उघडी असतात, त्यामुळे फटका त्यालाच जास्त बसतो.

नुकसानीचा हिशेब असा: पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत एक भाग; ४० पीपीबीच्या वर जितका ओझोन, तितका दर तासाला मोजून बेरीज करायची. युरोपात गव्हासाठी ३००० पीपीबी-तास ही मर्यादा धरतात. त्या मर्यादेला उत्पादनात सुमारे ५ टक्के घट येते. दिवसाला सहा तास ६० पीपीबी असेल तर रोजचे १२० होतात, म्हणजे २५ दिवसांत मर्यादा गाठली! भात गव्हापेक्षा थोडा सोशिक आहे, इतकेच.

पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले तर लोक खताची कमतरता समजतात. बऱ्याचदा ठिपकेही नसतात. खात्रीसाठी संशोधक काही ओळींवर ईडीयू नावाचे ओझोनरोधक फवारतात आणि बाजूच्या ओळींशी दाण्याचे वजन ताडून पाहतात.