केटीचे क्रेडिट मिळत नाहीत, पण मोजले जातात

“केटी लागलेल्या विषयाचे क्रेडिट मिळतच नाहीत, म्हणून ते सीजीपीएत धरत नाहीत. सीजीपीए फक्त पास विषयांवर निघतो. पेपर अवघड वाटला तर बसूच नका, गैरहजेरी मोजत नाहीत. नंतर विषय सुटला की क्रेडिट वाढतात, सीजीपीए आहे तोच राहतो.”

निकाल लागले की नाशिकमधल्या महाविद्यालयीन ग्रुपांवर हा संदेश फिरू लागतो. त्यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे आणि बाकीचा गोंधळ त्याच्याच आधारावर उभा आहे. विद्यार्थ्याच्या नावावर क्रेडिटच्या दोन बेरजा असतात. एक नोंदणी केलेल्या विषयांची आणि दुसरी मिळवलेल्या क्रेडिटची. पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो का आणि पदवी पूर्ण होते का, हे दुसरी बेरीज ठरवते. सरासरीचा भाजक मात्र पहिल्या बेरजेतून येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले श्रेणीगुण यांची बेरीज करून तिला विद्यार्थ्याने घेतलेल्या सर्व विषयांच्या क्रेडिटने भागायला सांगितले आहे. त्यात ‘एफ’ श्रेणीला शून्य श्रेणीगुण आहेत. म्हणजे नापास विषय वर काहीच टाकत नाही आणि खाली पूर्ण वजनाने बसतो.

उदाहरण म्हणून गंगापूर रोडवरच्या एखाद्या महाविद्यालयातली बीएस्सीची विद्यार्थिनी घेऊ. पहिल्या सत्रात तिचे प्रत्येकी ४ क्रेडिटचे पाच विषय आहेत. चार विषयांत तिला ८, ७, ७ आणि ६ श्रेणीगुण मिळाले आणि गणित राहिले. एकूण गुण ११२ झाले. २० ने भागल्यास सरासरी ५.६० येते, तर संदेशाच्या पद्धतीने १६ ने भागल्यास ७.०० येते. दुसऱ्या सत्रात २० क्रेडिटवर तिने १५० गुण मिळवले, म्हणजे त्या सत्राचा एसजीपीए ७.५० आला. आता सीजीपीए २६२ भागिले ४०, म्हणजे ६.५५ होतो. ती स्वतःशी ७.२८ धरून बसलेली असते, कारण तिने ३६ ने भागलेले असते. कंपनीची अट ७ ची असेल तर ही तफावत अर्ज भरतानाच नडते.

विषय सुटल्यावर काय होते, हा संदेशाचा सर्वांत कच्चा भाग आहे. समजा, तिने गणित ‘पी’ श्रेणीत, म्हणजे ४ श्रेणीगुणांनी सोडवले. शून्याच्या जागी १६ गुण आले, भाजक ४० च राहिला आणि सीजीपीए ६.५५ वरून ६.९५ वर गेला. संदेश खरा मानला तर मात्र भाजक ३६ वरून ४० होईल आणि तिचा सीजीपीए ७.२८ वरून ६.९५ वर घसरेल. विषय राहिला असताना सरासरी जास्त आणि तो सुटल्यावर कमी, असा नियम कोणते विद्यापीठ करील?

इथे एक अपवाद सांगायला हवा. नवी श्रेणी जुन्या शून्याची जागा घेते, हे वरच्या हिशेबात गृहीत धरले आहे. परदेशातल्या काही विद्यापीठांत दोन्ही प्रयत्न सरासरीत ठेवतात. तिथे तिने गणितात ६ श्रेणीगुण मिळवले तरी २८६ ला ४४ ने भागावे लागेल आणि ६.५५ चे ६.५० होतील. बाहेर शिकायला जाणाऱ्यांनी पुनर्परीक्षेचा हा नियम आधी वाचावा.

गैरहजेरीचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. आयोगाच्या तक्त्यात गैरहजर विद्यार्थ्यालाही शून्यच श्रेणीगुण आहेत, कारण विषय भाजकात येतो तो नोंदणीमुळे, पेपर लिहिल्यामुळे नव्हे. मुदतीत रीतसर विषय काढून घेण्याची सोय जिथे असते तिथली गोष्ट वेगळी, पण पेपरला न जाणे म्हणजे विषय काढून घेणे नव्हे.

हा समज टिकून राहण्यामागे एक साधे कारण दिसते. काही विद्यापीठे विषय राहिला असेपर्यंत गुणपत्रिकेत एसजीपीए छापतच नाहीत, त्या जागी नुसती रेघ असते. मग विद्यार्थी स्वतः हिशेब करतो आणि समोर छापलेल्या मिळवलेल्या क्रेडिटने भागून मोकळा होतो.

जिथे आकडा छापलेला असतो तिथे पडताळणी दोन मिनिटांची आहे. सर्व सत्रांतले क्रेडिट गुणिले श्रेणीगुण यांची बेरीज करा आणि तिला छापलेल्या सीजीपीएने भागा. वरच्या उदाहरणात २६२ भागिले ६.५५ बरोबर ४० येतात. उत्तर नोंदणीच्या क्रेडिटशी जुळले तर राहिलेला विषय भाजकात धरलेला आहे. ते मिळवलेल्या क्रेडिटशी जुळले तर तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा आहे, आणि तो परीक्षा विभागाकडून लेखी मागून घ्यावा.